यंत्राची चूक शिवारातच मोजावी लागते

कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाच्या बुंध्याला किंवा खांबाला बांधून ठेवलेला, समोरून उष्ण शरीर हलत गेले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्याच्या आतला संवेदक प्राणी ओळखत नाही. समोरच्या दृश्यातल्या उष्णतेत अचानक झालेला बदल तेवढा त्याला कळतो. त्यामुळे दुपारी तापलेले गवत वाऱ्याने हलले किंवा उसाचे पाते भिंगासमोर डोलले, तरी फोटो निघतो. बिबट्या, तरस, कोल्हा यांच्या नोंदींसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांतून महिन्या-दोन महिन्यांनी हजारो फोटो हाती येतात आणि त्यांतले बहुतेक रिकामे असतात.

हे रिकामे फोटो वेगळे काढण्याचे काम आता डिटेक्टरकडे सोपवले जाते. डिटेक्टर म्हणजे फोटोत एखादी वस्तू आहे का आणि असल्यास कुठे आहे, हे सांगणारा संगणकीय कार्यक्रम. या कामासाठी जगभर वापरात असलेला मेगाडिटेक्टर मायक्रोसॉफ्टच्या एका पर्यावरणविषयक उपक्रमातून 2018 मध्ये पुढे आला. तो प्राण्याची जात सांगत नाही. प्राणी, माणूस किंवा वाहन यांपैकी काही दिसले, तर त्याभोवती चौकट आखतो आणि प्रत्येक चौकटीला 0 ते 1 यांमधला एक गुण देतो. गुण जितका जास्त, तितकी डिटेक्टरची खात्री जास्त. कोणत्या गुणापासून पुढे ‘प्राणी आहे’ असे मानायचे, ती सीमा वापरणाऱ्याने ठरवायची असते. तिला उंबरठा म्हणतात.

हा डिटेक्टर किती वेळा चुकतो, या प्रश्नाला सगळीकडे लागू पडेल असे उत्तर नाही. सारा बिअरी, ग्रँट व्हॅन हॉर्न आणि पिएत्रो पेरोना यांनी 2018 मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्या जागांचे फोटो पाहून यंत्र शिकले तिथे ते चांगले काम करते, पण न पाहिलेल्या जागी त्याच्या चुका बऱ्याच वाढतात. पार्श्वभूमी, उजेड, कॅमेऱ्याची उंची आणि समोरची झाडी बदलली की यंत्रापुढचा प्रश्नच बदलतो. त्यामुळे आफ्रिकेच्या सव्हानात किंवा अमेरिकेच्या वाळवंटात मोजलेले चुकीचे प्रमाण अकोले किंवा जुन्नर तालुक्यातल्या उसाच्या बांधाला तसेच लागू करता येत नाही. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या मुलखात बिबटे आणि तरस माणसांच्या वस्तीलगत राहतात, हे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासातून पुढे आले. अशा मुलखात कॅमेऱ्यासमोरून बिबट्याइतक्याच सहजपणे शेळ्या, कुत्री, गुरे आणि मोटारसायकली जातात, आणि प्राण्याचे अर्धे अंग पाचटाआड असते. डिटेक्टर इथे किती चुकतो, हे इथल्याच फोटोंवर तपासावे लागते. त्यासाठी माणसांनी पाहून नोंदवलेला एक छोटा चाचणी-संच पुरतो, मात्र तो नीट बांधलेला असावा लागतो.

दोन चुका, दोन वेगळे भाजक

डिटेक्टरच्या चुका दोन प्रकारच्या असतात. फोटोत प्राणी असून तो सुटला, तर तो हुकला. फोटो रिकामा असून प्राणी दाखवला, तर तो खोटा इशारा. दोन्हींची बेरीज करून ‘अचूकता 97 टक्के’ असा एकच आकडा काढला, तर तो फसवतो. शंभरांतले 95 फोटो रिकामेच असतील, तर प्रत्येक फोटोला ‘रिकामा’ म्हणणारे यंत्रसुद्धा 95 टक्के अचूक ठरते, आणि त्याने एकही प्राणी पकडलेला नसतो.

म्हणून दोन्ही चुका वेगवेगळ्या मोजतात आणि त्यांचे भाजकही वेगळे असतात. हुकण्याचे प्रमाण काढताना भाजक असतो तो खरोखर प्राणी असलेल्या फोटोंचा. खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण काढताना भाजक असतो तो खरोखर रिकाम्या फोटोंचा. मोजणीची अडचण पहिल्या भाजकात आहे. प्राणी असलेले फोटो थोडे असतात आणि ते नेमके कोणते, हे आधीपासून माहीत नसते.

फोटो कसे निवडावेत

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. कॅमेरा ट्रॅपचे फोटो तसे एकसारखे नसतात. एका कॅमेऱ्यासमोर गवत डोलते म्हणून त्याचे दहा हजार फोटो असतात आणि ओढ्याकाठच्या दुसऱ्याचे तीनशे. दिवसाचे फोटो रंगीत असतात; रात्रीचे अवरक्त प्रकाशातले, करडे, कधी नुसते चमकणारे डोळे दाखवणारे. पावसाळ्यात भिंगावर बाष्प धरते आणि कोळी जाळे विणतो. ऊस तोडणीला येईपर्यंत समोर हिरवी भिंत असते आणि तोडणीनंतर त्याच जागी मोकळे रान दिसते.

निवड हाताने केली की हमखास ठळक, सुंदर, ओळखू येणारे फोटो गोळा होतात, आणि नेमक्या याच फोटोंवर डिटेक्टर क्वचित चुकतो. म्हणून निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, संगणकाच्या यादृच्छिक क्रमाने करतात आणि प्रत्येक कॅमेरा, दिवस-रात्र आणि हंगाम यांना त्यात वाटा मिळाला आहे ना, हे तपासतात.

पण साध्या यादृच्छिक निवडीलाही एक मर्यादा आहे. दर शंभर फोटोंत चार-पाचच प्राण्यांचे असतील, तर 600 फोटो तपासून जेमतेम 30 प्राणी हाती लागतात. तीस प्राण्यांपैकी दोन हुकले की तीन, यावरून फारसे काही ठरत नाही. यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे डिटेक्टरने ‘प्राणी’ म्हटलेल्या ढिगातून फोटो घेणे. तिथे प्राणी भरपूर सापडतात, पण ही निवड मोजणी निकामी करते. हुकलेला प्राणी त्या ढिगात असूच शकत नाही, तो ‘रिकामा’ म्हणून बाजूला टाकलेल्या ढिगात असतो. त्यामुळे असा संच वापरला, तर हुकण्याचे प्रमाण नेहमी शून्यच येते.

योग्य मार्ग म्हणजे सगळे फोटो डिटेक्टरच्या गुणांनुसार थरांत विभागायचे, प्रत्येक थरातून यादृच्छिक नमुना घ्यायचा आणि निष्कर्ष काढताना त्या थराच्या खऱ्या आकाराने गुणायचे. संशयास्पद थरातून जास्त फोटो घेतले तरी चालते, कारण हिशेबाच्या वेळी प्रत्येक थराला त्याचे खरे वजन परत मिळते.

लेबल लावण्याचे नियम

निवडलेल्या फोटोंवर माणसे ‘प्राणी’, ‘रिकामा’ अशी लेबले लावतात आणि तीच मोजणीची फूटपट्टी ठरते. फूटपट्टीच चुकीची असेल, तर डिटेक्टरच्या चुकीबद्दल काहीच बोलता येत नाही. म्हणून लेबल लावण्याआधी नियम लिहून काढावे लागतात. चौकटीच्या कडेला नुसते शेपूट दिसले तर प्राणी धरायचा का? अंधारात फक्त दोन डोळे चमकले तर? भिंगावर बसलेला किडा, दूर तारेवरचा पक्षी, शेळ्या घेऊन जाणारा गुराखी यांचे काय? उत्तर काहीही ठरवावे, पण ते सगळ्यांनी सारखे पाळावे आणि ज्या कामासाठी डिटेक्टर हवा आहे त्या कामाशी ते जुळावे. सस्तन प्राण्यांच्या नोंदी हव्या असतील, तर किड्याला प्राणी धरण्यात अर्थ नाही.

आणखी तीन गोष्टी पाळाव्या लागतात. लेबल लावणाऱ्याला डिटेक्टरची चौकट किंवा गुण दिसता कामा नये. यंत्राने झुडपाभोवती चौकट आखलेली दिसली, की माणसालाही तिथे कान दिसू लागतात; चौकट नसली, की पाचटातले ठिपके नजरेतून सुटतात. दुसरे म्हणजे प्रत्येक फोटो दोघांनी स्वतंत्रपणे पाहावा आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याने निकाल द्यावा. हे मतभेद मोजूनही ठेवावेत. दोन अनुभवी माणसांचे शंभरांतल्या तीन फोटोंवर एकमत होत नसेल, तर तेवढ्या फोटोंवर डिटेक्टरचा एका-दोन टक्क्यांचा फरक मोजण्याचा दावा पोकळ ठरतो. तिसरे म्हणजे ‘सांगता येत नाही’ हेही एक लेबल ठेवावे. असे फोटो जबरदस्तीने एका बाजूला ढकलण्याऐवजी त्यांची संख्या वेगळी सांगणे अधिक प्रामाणिक.

बांधावरच्या फोटोंत शेतकरी, मजूर आणि मुलेही येतात. माणूस दिसणारे फोटो संचात ठेवणे भाग असेल, तर ते मोजक्या लोकांपुरतेच ठेवून चेहरे पुसून टाकणे आवश्यक असते.

एक हिशेब, पायरीपायरीने

कल्पनेतले पण वास्तवाला धरून एक उदाहरण घेऊ. उसाच्या पट्ट्यात दहा कॅमेरे लावले आणि दोन महिन्यांत 24,000 फोटो जमले. उंबरठा 0.2 ठेवला. त्यावर गुण मिळालेले, म्हणजे डिटेक्टरने ‘प्राणी’ म्हटलेले फोटो निघाले 1,800. उरलेले 22,200 ‘रिकामे’ ठरले.

पहिल्या ढिगातून यादृच्छिकपणे 200 फोटो तपासले. 120 मध्ये खरोखर प्राणी होता. म्हणजे ढिगाचा 60 टक्के भाग खरा, आणि 1,800 मध्ये अंदाजे 1,080 प्राण्यांचे फोटो. दुसऱ्या ढिगातून 400 तपासले. फक्त दोनांत प्राणी सापडला. दोन म्हणजे नगण्य, असे वाटते. पण ढीग मोठा आहे. चारशेत दोन म्हणजे अर्धा टक्का, आणि 22,200 चा अर्धा टक्का म्हणजे 111. एकूण प्राणी 1,080 अधिक 111, म्हणजे 1,191 आणि त्यातले 111 हुकले. हुकण्याचे प्रमाण सुमारे 9 टक्के.

या 9 टक्क्यांवर किती भरवसा ठेवावा? आकडा उभा आहे तो सापडलेल्या दोन फोटोंवर. चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या असत्या, तर एक सापडला असता किंवा पाच. ही अनिश्चितता मोजण्यासाठी एडविन विल्सन यांनी 1927 मध्ये दिलेली पद्धत आजही वापरली जाते. ती नमुन्यातल्या प्रमाणावरून खऱ्या प्रमाणाचा संभाव्य पट्टा देते. चारशेत दोन या नोंदीसाठी 95 टक्के विश्वासाचा पट्टा सुमारे 0.14 ते 1.8 टक्के असा येतो. म्हणजे दुसऱ्या ढिगात हुकलेले प्राणी तीसही असू शकतात आणि चारशेही. त्यानुसार हुकण्याचे प्रमाण 3 टक्क्यांपासून 27 टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. इतक्या रुंद पट्ट्यावरून निर्णय घेता येत नाही.

सरसकट आणखी फोटो तपासण्यापेक्षा इथे थरांचा उपयोग होतो. ‘रिकाम्या’ ढिगाचे दोन भाग केले. 0.05 ते 0.2 गुण असलेले, म्हणजे डिटेक्टरला पुसटशी शंका आलेले, 2,200 फोटो, आणि 0.05 पेक्षा कमी गुणांचे 20,000. शंकेच्या थरातून नव्याने 300 तपासले आणि 15 मध्ये प्राणी निघाला, म्हणजे 5 टक्के. त्या थरात सुमारे 110 हुकलेले प्राणी आहेत, आणि विल्सनच्या पट्ट्याने 67 ते 178. तळच्या थरातून 600 तपासले, एकही प्राणी सापडला नाही.

शून्य सापडले म्हणजे प्रमाण शून्य आहे असे नव्हे. यासाठी ‘तीनचा नियम’ आहे. तपासलेल्या फोटोंच्या संख्येने तीनला भागायचे. येणारे उत्तर म्हणजे 95 टक्के विश्वासाने खऱ्या प्रमाणाची वरची मर्यादा. तीन भागिले 600 म्हणजे अर्धा टक्का. वीस हजारांच्या थरात जास्तीत जास्त सुमारे 100 प्राणी दडलेले असू शकतात.

आता एकूण हुकलेले प्राणी साधारण 67 ते 278 या टप्प्यात येतात आणि हुकण्याचे प्रमाण सुमारे 6 ते 20 टक्के. पट्टा अजून रुंद आहे, पण त्याने एक उपयोगी गोष्ट उघड केली: हुकलेले बहुतेक प्राणी शंकेच्या थरात आहेत. उंबरठा 0.2 वरून 0.05 वर आणला, तर तो थर ‘प्राणी’ ढिगात येतो. मग माणसांना 1,800 ऐवजी 4,000 फोटो डोळ्यांखालून घालावे लागतील. 24,000 पेक्षा ते तरीही खूप कमी आहेत. आणि तेव्हा हुकलेले उरतील ते तळच्या थरातले, जास्तीत जास्त शंभर. एकूण प्राण्यांच्या सुमारे 8 टक्क्यांहून अधिक नाहीत. सगळे मिळून 1,500 फोटोंची लेबले लावून हा निर्णय आधारासह घेता आला. दोन माणसांचे ते एक-दोन दिवसांचे काम आहे.

खोट्या इशाऱ्यांचा हिशेबही याच संचातून निघतो. 0.2 या उंबरठ्यावर ‘प्राणी’ ढिगातले 40 टक्के, म्हणजे 720 फोटो रिकामे होते. एकूण रिकामे फोटो सुमारे 22,800 धरले, तर खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण केवळ 3 टक्के भरते. एकच चूक एका भाजकाने 3 टक्के दिसते आणि दुसऱ्याने 40. दोन्ही आकडे खरे आहेत. फोटो गाळण्याच्या कामात 3 टक्क्यांचा आकडा दिलासा देतो. पण प्रत्येक इशाऱ्यावर गावात फोन जाणार असेल, तर लोकांना अनुभव येतो तो 40 टक्क्यांचा, आणि काही दिवसांत फोन उचलणेच थांबते.

संख्येमागचे दोन सापळे

वरच्या पट्ट्यांमागे एक गृहीत आहे: तपासलेला प्रत्येक फोटो स्वतंत्र आहे. प्रत्यक्षात कॅमेरा ट्रॅप एका हालचालीवर बहुधा ओळीने दोन-तीन फोटो काढतो आणि समोर रवंथ करत बसलेली म्हैस तासभर शेकडो फोटो देते. शंकेच्या थरातले 15 हुकलेले फोटो जर एकाच म्हशीचे असतील, तर ती पंधरा नव्हे, एकच चूक आहे, आणि खरा पट्टा हिशेबातल्यापेक्षा बराच रुंद आहे. म्हणून लागोपाठचे फोटो एका घटनेत बांधून घटनांवर मोजणी करणे अधिक बरोबर. यात डिटेक्टरलाही न्याय मिळतो. बिबट्या पहिल्या फोटोत पाचटाआड हुकला पण दुसऱ्यात पकडला गेला, तर नोंदीच्या दृष्टीने तो हुकलेला नाही.

कॅमेऱ्यांनाही हेच लागू पडते. चुका कॅमेऱ्यागणिक मांडून पाहिल्या, की बऱ्याचदा एखाद-दुसऱ्या कॅमेऱ्यावर त्यांची गर्दी दिसते: भिंगासमोर वाढलेला ऊस, खूप उंच बांधलेला किंवा मावळतीकडे तोंड असलेला कॅमेरा. अशा वेळी यंत्र बदलण्यापेक्षा कॅमेरा हलवणे सोपे आणि स्वस्त. मात्र यातून एक मर्यादाही कळते. दहा कॅमेऱ्यांच्या फोटोंवर काढलेले प्रमाण त्या दहा जागांचे असते. अकरावा कॅमेरा वेगळ्या शिवारात लावायचा असेल, तर आणखी हजार फोटो तपासण्यापेक्षा आणखी पाच जागांचे थोडे थोडे फोटो तपासणे जास्त सांगून जाते.

दुसरा सापळा दुर्मीळ प्राण्यांचा. 1,190 प्राण्यांपैकी बहुतेक फोटो कुत्री, शेळ्या आणि गुरांचे असतील आणि बिबट्याचे कदाचित चाळीस. एकूण हुकण्याचे प्रमाण 8 टक्के असले, तरी बिबट्याचे 30 टक्के असू शकते, कारण तो रात्री, कडेकडेने, उसाला खेटून जातो आणि त्याचे ठिपके पाचटात मिसळतात. बिबट्यासाठी वेगळा संच हवा, आणि त्यातले फोटो डिटेक्टरने शोधून दिलेले नसावेत. दोन-तीन कॅमेऱ्यांचे काही आठवड्यांचे सगळे फोटो माणसांनी एकूणएक पाहणे, किंवा ज्या रात्री कॅमेऱ्यासमोर पायाचे ठसे मिळाले त्या रात्रीचे फोटो बारकाईने तपासणे, हे त्याचे मार्ग आहेत. तिथेही तीनचा नियम लागतो. तीस बिबट्यांपैकी एकही हुकला नाही, तर एवढेच म्हणता येते की हुकण्याचे प्रमाण 10 टक्क्यांपेक्षा बहुधा कमी आहे.

संच वापरला की तो झिजतो

चाचणी-संच पाहून उंबरठा ठरवला, की तो संच निःपक्ष राहत नाही. 0.05 हा उंबरठा याच फोटोंवर चांगला दिसला म्हणून निवडला गेला, त्यामुळे त्याच फोटोंवर तो किंचित जास्तच चांगला दिसणार. म्हणून लेबल लावलेल्या फोटोंचे सुरुवातीलाच दोन भाग करतात: एकावर उंबरठा ठरवायचा आणि दुसरा तोपर्यंत उघडायचाही नाही. विभागणी कॅमेऱ्यानुसार करावी, नाहीतर एकाच जागेचे जुळे फोटो दोन्ही भागांत जातात. संचातले फोटो डिटेक्टरला शिकवण्यासाठी वापरले गेले, तर मोजणीसाठी त्यांचा उपयोग पूर्ण संपतो.

मोजलेले प्रमाण काळाबरोबरही शिळे होते. तोडणी झाली, पावसाळा लागला, कॅमेऱ्याचे मॉडेल बदलले किंवा डिटेक्टरची नवी आवृत्ती घेतली, की थोड्या ताज्या फोटोंवर फेरतपासणी करावी लागते. पूर्ण संच पुन्हा बांधण्याची गरज नसते. शंकेच्या थरातून शंभर आणि तळच्या थरातून दोन-तीनशे फोटो नव्याने पाहिले, तरी मोठा बिघाड लक्षात येतो. तळच्या थरात आधी शून्य होते आणि आता तीनशेत चार प्राणी सापडले, तर जुना उंबरठा सोडून द्यावा लागतो.

निकाल लिहिताना टक्केवारीसोबत किती फोटो तपासले, ते किती कॅमेऱ्यांचे आणि कोणत्या महिन्यांतले होते, उंबरठा कोणता होता, ‘सांगता येत नाही’ असे किती निघाले आणि प्रमाणाचा पट्टा केवढा आहे, हे सगळे नोंदवतात. दुसऱ्या तालुक्यात तोच डिटेक्टर वापरू पाहणाऱ्याला तिथले आकडे आपल्या कामाचे आहेत का, हे या नोंदीवरून ठरवता येते.